मदत हवी आहे: फोटोतल्या डीएफएचं रेग्युलर एक्सप्रेशन

रात्रपाळी: फोटो जोडलाय. कोणत्या स्ट्रिंग चालतात ते शब्दांत सांगायचंय आणि रेग्युलर एक्सप्रेशनही लिहायचंय. माझं `0*(1(01*0)*1)*` चूक म्हणतात. का? उद्या द्यायचंय, लवकर सांगा.

खडूफळा: फोटो धूसर आहे. सुरुवात कुठून? दुहेरी गोल कोणाला? q1 आणि q2 मधल्या बाणांवरचे आकडे वाचता येत नाहीत.

रात्रपाळी: सुरुवात q0, दुहेरी गोलही त्यालाच, दिसतंय की! q0 वर 0 चा लूप, 1 ने q1. q1 वरून 1 ने परत q0. q2 वर 1 चा लूप. मधले आकडे मलाही दिसत नाहीत.

निवांत: सोपं आहे, 1 ची संख्या सम हवी.

खडूफळा: निवांत, `101` चालवून बघा. डीएफए असेल तर प्रत्येक स्टेटमधून 0 चा एक आणि 1 चा एकच बाण निघतो. q1 चा 1 वापरला गेलाय, म्हणजे q2 कडे जाणारा 0 च. q2 चा 1 लूपमध्ये गेला, म्हणून परतीचाही 0. आता `101` संपते q2 वर, नापास. उलट `10101` मध्ये तीन 1 आहेत, तरी ती q0 वर येते.

निवांत: बरं, पण `11` आणि `1111` तर चालतात ना!

खडूफळा: चालतात, कारण 3 आणि 15. स्ट्रिंग बायनरी संख्या म्हणून वाचा: स्टेट म्हणजे 3 ने भागल्यावरची बाकी. भाग जाणाऱ्या संख्या पास, शिवाय रिकामी स्ट्रिंगही.
रात्रपाळी, तुमच्यात q0 च्या लूपचा 0 फक्त सुरुवातीला येतो, म्हणून `110` अडते. q0 चा लूप कधीही घेता येतो, तो बाहेरच्या ताऱ्याच्या आत हवा. q2 काढलं की q1 वर `01*0` चा लूप उरतो, मग q1 काढा:

```
(0|1(01*0)*1)*
```

कोडकरी: मी चालवून पाहिलं, `101` पण मॅच होतंय. उत्तर चूक.

खडूफळा: `^` आणि `$` लावलेत का? नाहीतर रिकाम्या तुकड्यावरही मॅच मिळतं.

पानवही: मी असले फोटो स्कॅनच्या अ‍ॅपने काढते, सावली पडत नाही.

रात्रपाळी: उत्तरपत्रिकेत `(0+11+10(1+00)*01)*` आहे. मग कोणतं बरोबर?

खडूफळा: दोन्ही. त्यांनी आधी q1 काढलंय. तिथलं + म्हणजे 'किंवा'.

कोडकरी: + म्हणजे एक किंवा जास्त वेळा. 'किंवा'साठी | असताना हा घोळ कशाला?

खडूफळा: पेपरात + च चालतं. तुमच्या एडिटरला कोण मार्क देणार?

कोडकरी: मार्क नको, चालणारं एक्सप्रेशन हवं.

रात्रपाळी: भांडा नंतर. रिकामी स्ट्रिंग शब्दांतल्या उत्तरात लिहायची की नाही?