कूम्ब्स पॉझिटिव्ह: वॉर्म की कोल्ड? अनुभव लिहा

स्मिता_क
आईचं वय ६८, हिमोग्लोबिन ६.८, डोळे पिवळे, थंडीत बोटं निळी पडतात. डायरेक्ट कूम्ब्स पॉझिटिव्ह आली, खाली लिहिलंय आयजीजी निगेटिव्ह, सी३डी ३+. डॉक्टर म्हणतात शरीराच्याच अँटिबॉडीमुळे लाल पेशी फुटतायत, त्यातला कोल्ड टाइप वाटतोय, स्टिरॉइड लगेच नको. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी प्लीज लिहा.

पराग
बाबांना झालं होतं, त्यांचं आयजीजी ४+. प्रेडनिसोलोन सुरू केलं आणि काही आठवड्यांत ५.९ वरून १० वर आले, पण डोस कमी करताना परत घसरले मग रिटुक्सिमॅब द्यावं लागलं. कूम्ब्स पॉझिटिव्ह म्हणजे स्टिरॉइड लागतंच हो, तुम्ही आग्रह धरा.

वैशाली (रक्तपेढी)
पराग, तुमच्या बाबांचा वॉर्म होता, आयजीजी चिकटलेल्या पेशी प्लीहेत मरतात, तिथे स्टिरॉइड चालतं. कोल्डमध्ये आयजीएम थंड बोटांत पेशीला चिकटतं, कॉम्प्लिमेंट लावतं आणि रक्त परत गरम झालं की सुटून जातं, म्हणून टेस्टमध्ये फक्त कॉम्प्लिमेंटचा तुकडा, सी३डी, उरतो. त्यात स्टिरॉइडचा फारसा उपयोग होत नाही.

स्मिता, सीबीसी पण नीट बघा. आमच्याकडे एका काकांचा सॅम्पल आला, हिमोग्लोबिन ७.४ पण आरबीसी फक्त १.२ आणि एमसीएचसी, म्हणजे लाल पेशींमधलं हिमोग्लोबिनचं प्रमाण, ५२, असं शक्यच नसतं. ट्यूब तिरकी केली तर काचेवर रव्यासारखे कण. ३७ डिग्रीच्या वॉटर बाथमध्ये ठेवून लगेच परत लावला तर आरबीसी २.३, एमसीएचसी ३३, हिमोग्लोबिन तेवढंच. मशीन गुठळीला एकच पेशी मोजत होतं.

नेहा_ठाणे
मी आरएच निगेटिव्ह आहे, प्रेग्नन्सीत माझी कूम्ब्स निगेटिव्ह आली. म्हणजे मला हे होणार नाही ना?

वैशाली (रक्तपेढी)
नेहा, तुमची इनडायरेक्ट असणार, त्यात प्लाझ्मामधली अँटिबॉडी शोधतात, पेशीवर चिकटलेली नाही. त्यावरून या आजाराचं काही सांगता येत नाही.

अनिकेत
मिस्टरांचं दोन्ही पॉझिटिव्ह होतं, आयजीजी पण सी३डी पण. एक डॉक्टर म्हणाले वॉर्मच, दुसरे म्हणाले मिक्स्ड, अजून नक्की कळलेलं नाही. स्टिरॉइडवर बरे आहेत सध्या.

वैशाली (रक्तपेढी)
अनिकेत, वॉर्ममध्ये दोन्ही येऊ शकतात. आणि कधीकधी वॉर्ममध्ये नुसतं सी३डी पण येतं, म्हणून स्मिता, कोल्ड अॅग्लुटिनिन टायटर करून घ्या, थंडीत चिकटणारी अँटिबॉडी किती आहे ते त्यात कळतं. सॅम्पल सीरम वेगळं होईपर्यंत गरमच ठेवायला सांगा, फ्रिजमध्ये गेला तर अँटिबॉडी पेशींना चिकटून बसते आणि टायटर खोटा कमी येतो.

स्मिता_क
एमसीएचसी आत्ता बघितलं, ४६ आहे!! टायटरचा सॅम्पल काल घेतला पण तो मुलगा साध्या डब्यातून घेऊन गेला, परत द्यावा लागेल का? आणि रक्त चढवायचं ठरलं तर?

वैशाली (रक्तपेढी)
हो, परत द्या. रक्त द्यायचंच झालं तर ब्लड वॉर्मरमधून द्या, आणि आईचे हातपाय झाकलेले ठेवा. क्रॉसमॅचला वेळ लागतो, रक्तपेढीला आजच कळवून ठेवा.