मदत हवी आहे: चेक परत आला, ब्लोअर गेला, आणि आता महिना उलटून गेलाय (तासगाव)

तासगाववाला · 22 सप्टेंबर

नमस्कार मंडळी. बागेचा जुना ब्लोअर विकायला काढला होता. सहाशे लिटरची टाकी, चार हंगाम वापरलेला, पंप गेल्या वर्षीच नवा टाकला होता. जत भागातला एक बागायतदार ओळखीच्या मेकॅनिकमार्फत आला आणि एक लाख पंच्याऐंशी हजाराला ठरलं. पंचवीस हजार रोख दिले. बाकी एक लाख साठ हजाराचा चेक, त्यावर तारीख 12 ऑगस्ट. मी त्याच दिवशी तासगावातल्या माझ्या बँकेत टाकला. संध्याकाळी मोबाईलवर रक्कम जमा झाल्याचा मेसेज आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ट्रॅक्टर घेऊन दारात हजर. मेसेज दाखवला, चहा पाजला आणि ब्लोअर जोडून दिला.

14 तारखेला परत मेसेज, तेवढेच पैसे वजा. 15 ऑगस्टची सुट्टी, मग सोमवारी 18 ला शाखेत गेलो तर हातात मेमो दिला, कारण ‘फंड्स इनसफिशियंट’. वर चेक परतीचा चार्ज माझ्याच खात्यातून.

फोन केला तर म्हणाला, ‘आण्णा, बेदाण्याचं पेमेंट अडकलंय, आठ दिवस थांबा.’ आठाचे पंधरा झाले. 3 सप्टेंबरला त्याने फोनवरून वीस हजार टाकले आणि म्हणाला बाकीचे पण देतो. त्यानंतर फोन लागतो पण उचलत नाही. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. एक जण म्हणाला चेक बाऊन्सची नोटीस तीस दिवसांत द्यावी लागते. म्हणजे माझी मुदत गेली? ऑक्टोबर छाटणी तोंडावर आहे, तो माझ्याच ब्लोअरने फवारणार आणि मी बघत बसणार. काय करू?

काळी_माती

दादा, पहिली गोष्ट, चेक घ्यायचाच कशाला? डीडी मागायचा होता. डीडी म्हणजे बँकेचे पैसे, तो बाऊन्स होत नाही.

सातारी_बुलेट

@काळी_माती, होतो हो. माझं ऐका. साताऱ्यात बुलेट विकली, नव्वद हजाराचा डीडी घेतला. घेणारा शनिवारी दुपारी आला, चौथा शनिवार, बँका बंद. कागद इतका झकास की बघत राहावं. सोमवारी भरला तर बँकेने विचारून सांगितलं, असा डीडी आमच्या शाखेतून निघालाच नाही. मी त्या कागदावर छापलेल्या नंबरला शनिवारीच फोन केला होता, आणि पलीकडून ‘हो, आमचाच डीडी आहे’ असं उत्तरही आलं होतं! तो नंबरही त्यांचाच. त्यामुळे तुम्हीही लगेच एफआयआर करा, बनावट कागदाचा गुन्हा लागतो.

तासगाववाला

सातारीभाऊ, वाईट झालं तुमचं. पण माझा चेक बनावट नाही, खरा आहे. खात्यात पैसे नव्हते एवढंच.

क्लिअरिंग_काका (मिरज)

मी तेहतीस वर्षं बँकेत होतो, त्यातली बरीच चेकच्या गठ्ठ्यात गेली. दोघांचंही सांगतो.

तासगावकर, तुम्हाला आलेला मेसेज खोटा नव्हता, अर्धा होता. चेक भरला की खात्यात रक्कम दिसते, पण ती ‘अनक्लिअर’ असते. समोरच्या बँकेने हो म्हटल्याशिवाय ती तुमची नाही. पासबुकात सुद्धा एंट्री छापून येते आणि गिऱ्हाईक ती बघून खुश होतं. शाखेत जाऊन एकच प्रश्न विचारायचा: ‘यातले पैसे मला आत्ता काढता येतील का?’ उत्तर नाही आलं तर माल दारातून हलवायचा नाही. त्या घेणाऱ्याला हे ठाऊक असणार, नाहीतर दुसऱ्याच दिवशी उजाडता ट्रॅक्टर घेऊन कोण येतं?

डीडीचं म्हणाल तर खरा डीडी परत येणं फार विरळा. पण खरा आहे का हे कागदाकडे बघून कळत नाही. सप्टेंबर 2018 पासून डीडीवर काढणाऱ्याचं नाव छापतात, ते घेणाऱ्याच्या नावाशी जुळतं का बघा. पण खरा उपाय एकच, त्याच्याबरोबर त्याच्या शाखेत जायचं आणि डीडी काउंटरवरून थेट आपल्या हातात घ्यायचा. बँकेला सुट्टीच्या दिवशी व्यवहार नको.

जयंता_७७

मुदत गेली तरी घाबरू नका. चेक तारखेपासून तीन महिने चालतो. तुमचा 12 ऑगस्टचा आहे, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत निवांत पुन्हा टाकता येईल. परत आला की नवा मेमो, नव्याने तीस दिवस. आमच्या भावकीत एकाने तीनदा टाकला होता. नोटिशीत एक लाख चाळीस मागा, वीस आलेत ना. आणि उशीर झालाच तर कोर्ट माफ करतं.

मीनल_विटा

मी वकिली करते, तालुक्याच्या कोर्टात या केसेस रोज असतात. जयंतादादांचं पुन्हा टाकण्याचं बरोबर आहे, पण तुमच्या बाबतीत तेच करून तुम्ही फसाल. आधी उशिराचं बघू. कोर्ट माफ करू शकतं तो उशीर तक्रार दाखल करायचा. नोटिशीचे तीस दिवस चुकले तर ते माफ होत नाहीत. ते तीस दिवस बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून मोजतात, म्हणजे तुमचे सप्टेंबरच्या मध्यात संपले. पहिल्या परतीवर आता कलम 138 ची केस उभी राहत नाही.

खरी अडचण ते वीस हजार आहेत. तुम्ही ते ओघात लिहिलंत, पण घोडं तिथेच अडतं. ऑक्टोबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं आहे की चेक वटवायला टाकता त्या दिवशी जितकं कायदेशीर देणं शिल्लक आहे त्यापेक्षा चेक मोठा असेल, आणि मध्ये आलेल्या रकमेची नोंद चेकवर केलेली नसेल, तर तो परत आला तरी 138 लागत नाही. आज येणं एक लाख चाळीस आहे आणि चेक एक लाख साठचा. पुन्हा टाकून तो परत आला, तुम्ही नोटिशीत चाळीस लिहा की साठ लिहा, समोरचा वकील तुमच्याच फोनमधली वीस हजाराची नोंद काढून दाखवेल.

जयंता_७७

हे नव्हतं माहीत. मग चेकवर लिहायचं, वीस हजार मिळाले म्हणून. सोपं आहे की.

क्लिअरिंग_काका

कायद्यात तशी नोंद करायची सोय आहे खरी. पण आता चेकचा फोटो जातो, कागद जागेवरच राहतो. आकडा एक लाख साठ आणि पाठीवर ‘वीस मिळाले’, मग पलीकडचा क्लार्क किती द्यायचे म्हणेल? माझ्या उभ्या नोकरीत असा एकही चेक माझ्या टेबलावर आला नाही.

काळी_माती

मग त्याचे वीस हजार त्याला परत पाठवून द्या आणि मग चेक टाका! हिशोब परत साठ.

मीनल_विटा

हा प्रश्न मला एका पक्षकारानेही विचारला होता. कागदावर देणं पुन्हा एक लाख साठ होतं हे खरं. पण समोरचा म्हणेल, मी दिलेले पैसे न विचारता परत पाठवले ते फक्त केस तयार करायला. काही वकील हो म्हणतील, मी सुचवणार नाही. शिवाय हातात आलेले वीस हजार परत देण्यात शहाणपण काय?

माझं मत असं. त्याच्याकडून उरलेल्या एक लाख चाळीसचा नवा चेक घ्या, तारीख टाकलेला, आणि सही त्याचीच हवी. मुलाच्या किंवा भावाच्या खात्यातला दिला तर पुढे नोटीस त्या सही करणाऱ्यावर जाते, घेणाऱ्यावर नाही. नवा चेक टाकल्यावर परत आला तर मेमो मिळाला त्याच आठवड्यात नोटीस पाठवायची, पोचपावतीसह. त्याला ती मिळाल्यापासून पंधरा दिवस पैसे द्यायला मिळतात. ते संपले की एक महिन्यात तक्रार, आणि ती तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात. जतला खेटे घालायचे नाहीत, तासगावातच चालेल.

एक विचारते. विक्रीचा कागद काही आहे का? ब्लोअरला आरसी नसतं. उद्या तो म्हणाला की चेक हातउसन्याचा होता, तर?

तासगाववाला

कागद नाही ताई. पण व्हॉट्सॲपवर भाव ठरल्याचं आहे, ब्लोअरचे फोटो पाठवलेत, आणि नंतर त्याने ‘ब्लोअरचे राहिलेले देतो’ असा मेसेज पण केलाय. मेकॅनिक समोर होता.

मीनल_विटा

‘ब्लोअरचे राहिलेले देतो’ हा मेसेज सोन्यासारखा आहे. फोन बदलू नका, मेसेज पुसू नका. सही केलेल्या चेकमागे देणं आहे असं कोर्ट आधी धरून चालतं, नाही म्हणायचं ओझं त्याच्यावर असतं, पण हा मेसेज असला की तो वाद लांबत नाही.

नवा चेक दिलाच नाही तर वसुलीचा दिवाणी दावा आहे. त्याला तीन वर्षांची मुदत असते, पण कोर्ट फी आणि वेळ दोन्ही लागतात.

सातारी_बुलेट

आणि माझं? डीडीवाल्यावर पण 138 ना?

मीनल_विटा

नाही. तो कलम चेकचा आहे. तुमचा खोट्या कागदाचा आणि फसवणुकीचा गुन्हा, पोलिसांचंच काम. तक्रारीत त्या छापील नंबरचा आणि तुम्ही केलेल्या फोनच्या वेळेचा उल्लेख नक्की करा.

तासगाववाला · 5 ऑक्टोबर

अपडेट देतो. मेकॅनिकला घेऊन काल त्याच्या बागेत गेलो. ब्लोअर शेडमध्येच होता, माझ्या बागेचं नाव अजून टाकीवर तसंच. भांडलो नाही. मीनलताईंनी सांगितलं तसं म्हटलं, उरलेल्याचा नवा चेक दे, विषय संपवू. तासभर बेदाण्याच्या भावावर बोलला आणि शेवटी 6 ऑक्टोबर तारखेचा एक लाख चाळीसचा चेक दिला, त्याच्याच सहीचा. पण म्हणतो, जुना चेक परत द्या. देऊ का? माझ्या मनात येतं की दोन्ही ठेवावेत.

मीनल_विटा

द्या, पण आधी जुन्या चेकची आणि मेमोची झेरॉक्स काढा. मूळ मेमो तुमच्याकडेच राहू दे. एका कागदावर लिहून घ्या की ब्लोअरचे उरलेले एक लाख चाळीस हजार या नव्या चेकने देतोय, चेक नंबरसकट, खाली त्याची सही आणि मेकॅनिकची साक्षीदार म्हणून. तुम्हाला विक्रीचा कागद नव्हता ना, हाच झाला.

जयंता_७७

दोन्ही ठेवले तर काय बिघडतं? दबाव राहतो.

मीनल_विटा

एकाच देण्याचे दोन चेक हातात राहिले की तोच उलट म्हणतो, यांनी माझा जुना चेक अडकवून ठेवलाय. तरी यावर मतं वेगळी असतात, तुमच्या वकिलाला विचारा.

क्लिअरिंग_काका

उद्या सोमवार आहे, सकाळी पहिल्या तासाला टाका. आणि या वेळी मेसेज आला तरी शाखेत जाऊन विचारा.

तासगाववाला

विचारतो काका. कागद लिहून झालाय, मेकॅनिक दुपारी सही करायला येतोय. जुना चेक त्या कागदालाच टाचणी लावून ठेवलाय, तो आल्यावर हातात देतो.