रेकॉर्ड बदलला, तरी मित्राला जुनीच साइट का दिसते?

> डोमेनचा पत्ता सांगणारा ए रेकॉर्ड बदलून दोन तास झाले. मला नवी साइट दिसते, मित्राला अजून जुनीच. असं का?

बदल जगभर हळूहळू 'पसरतो' ही समजूत आधी सोडा. डोमेनचे रेकॉर्ड ठेवणाऱ्या नेमसर्व्हरवर नवा पत्ता बहुतेक वेळा लगेच लागतो. पण तुमचा आणि मित्राचा रिझॉल्व्हर, म्हणजे नेमसर्व्हरला विचारून पत्ता आणून देणारा सर्व्हर, वेगळा आहे, आणि दोघांनी जुनं उत्तर वेगवेगळ्या वेळी साठवलंय.

समजा टीटीएल, म्हणजे उत्तर साठवून ठेवायची मुदत, 14400 सेकंद, म्हणजे चार तास होता आणि तुम्ही सकाळी 10 वाजता रेकॉर्ड बदललात. तुमच्या रिझॉल्व्हरने 6:30 ला विचारलं असेल, तर 10:30 ला ती मुदत संपली. मित्राच्या रिझॉल्व्हरने 9:55 ला विचारलं असेल, तर तो दुपारी 1:55 पर्यंत जुनाच पत्ता देणार.

मित्राला हे थोड्या अंतराने दोनदा चालवायला सांगा:

```
dig example.com A
```

पत्ता जुनाच आणि नावापुढचा आकडा उतरत असेल, तर ते साठवलेलं उत्तर आहे; साधारण तेवढे सेकंद थांबायचं.

आता टीटीएल कमी करून उपयोग नाही, जुन्या उत्तरासोबत जुनीच मुदत गेलीय. पुढच्या वेळी बदलाच्या निदान चार तास आधी तो 300 वर आणा. आणि कृपा करून जुना सर्व्हर आजच बंद करू नका, मित्रासारखे बरेच जण अजून तिथेच येत असतील.