मदत हवी आहे: पांढऱ्या रश्श्याची कृती कशी लिहू?

नमस्कार मंडळी. सासूबाईंचा पांढरा रस्सा फेसबुकवर टाकायचाय, माझी पहिलीच पोस्ट. नात म्हणते, "आजी, टाक की!" पण धाकधूक होतेय. माझं वाचून कुणाचा रस्सा फाटला तर?

आतापर्यंत असं लिहिलंय: अर्धा किलो मटण आलं-लसूण आणि मीठ लावून, हळद न घालता, भरपूर पाण्यात शिजवायचं आणि ते पाणी काढून घ्यायचं. दोन चमचे खसखस, तेवढेच तीळ, थोडे काजू भिजवून गंधासारखे वाटायचे. तुपात लवंग, दालचिनी, मिरी, वेलदोडा टाकून वाटण परतायचं, पण तांबूस होऊ द्यायचं नाही, नाहीतर रस्सा पांढरा राहत नाही. मटणाचं पाणी ओतून उकळायचं. मग आच मंद करून एका नारळाचं दाट दूध, सतत ढवळत.

इथंच अडलंय. दूध घातल्यावर खळखळ उकळी आली की रस्सा फाटतो, वर कण तरंगतात. सासूबाई सांगायच्या, "कडेला बुडबुडे दिसले की उतरव." नव्या सुनांना एवढ्यावर कळेल का? मिनिटं लिहावीत तर प्रत्येकीची शेगडी आणि पातेलं वेगळं. तुम्ही हे कसं लिहाल?