भिंतीवरचा प्लेटिंगचा तक्ता मराठीत: 'धारा घनता' लिहावी का?

अक्षरमित्र
प्लेटिंग आणि अ‍ॅनोडायझिंग विभागातल्या कामगारांसाठी भिंतीवरचा तक्ता पूर्ण मराठीत केला आहे. करंट डेन्सिटीला धारा घनता, अ‍ॅनोडला धनाग्र, कॅथोडला ऋणाग्र, बाथला द्रावणकुंड, थिकनेसला विलेपनाची जाडी आणि अ‍ॅनोडायझिंगला धनाग्रीकरण. निकेलच्या ओळीत जागा कमी होती म्हणून सुटसुटीत 'घनता ३ ते ४' लिहिलं आहे. सूचना असल्यास कळवा.

निकेलची टाकी
ती 'घनता ३ ते ४' वाचली आणि राहवलं नाही. अगदी हीच ओळ आमच्या भिंतीवर होती.

रात्रपाळीला नवीन पोरगा होता. शॉपमध्ये 'घनता' हा शब्द त्याने एकाच कामासाठी ऐकलेला: काचेची नळी बाथमध्ये सोडायची, ती किती बुडते ते बघून आकडा वाचायचा. त्याने नळी सोडली, आकडा आला विसाच्या वर. तक्ता म्हणतो ३ ते ४. म्हणजे बाथ भलताच दाट झालाय! मग त्याने नळाला पाइप लावला आणि टाकी काठोकाठ होईपर्यंत पाणी सोडलं.

सकाळी पहिला जिग वर काढला तर सगळ्या जॉबचे कोपरे काळपट आणि खरखरीत, करपलेले. मधला भाग मात्र चकचकीत. रेक्टिफायरवर करंट रोजचाच होता, पण बाथमधलं निकेल पातळ झाल्यावर तो करंट त्याला झेपेना. कोपरे आधीच जास्त करंट ओढतात, म्हणून मार पहिला तिथे बसला. नशीब, निकेलचा बाथ ५५ अंशांवर चालतो. तो तापता ठेवून पाणी उडवण्यात चार दिवस गेले, वरून सांडलं होतं त्याची भर निकेल सल्फेट, बोरिक आणि ब्राइटनर घालून केली.

पोराला मी झाप झाप झापला. मग तक्ता कोणी लिहिला होता ते आठवलं. मीच.

आता आमच्याकडे लिहिलंय: 'दर चौकोनाला ३ ते ४ अँपियर'. चौकोन कुठला? रेक्टिफायरशेजारी खिळ्याला १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचा पत्रा टांगलाय. जॉबवर तो किती वेळा बसतो ते मोजायचं.

अक्षरमित्र
एका पोराने घोळ घातला म्हणून शब्द बाद करायचा? लोकसंख्येची घनता म्हटलं की कोणी नळी घेऊन गावात जात नाही. 'धारा घनता' असा पूर्ण शब्द लिहिला असता तर हे झालं नसतं. आणि चौकोन-चौकोन काय, ही बालवाडी आहे का? माणसं शिकतात हो, शिकवलं तर.

निकेलची टाकी
पूर्ण शब्द तुम्ही तरी कुठे लिहिलात? 'जागा कमी होती'. भिंतीवर जागा नेहमीच कमी असते साहेब, आणि लांब शब्दाचं शेपूट नेमकं राहतं, डोकं कापलं जातं.

वीतभर
पत्रा तरी कशाला? वीत आहे ना प्रत्येकाकडे. 'दर चौरस वितीला इतके अँपियर' लिहा. आपला शब्द, आपलं माप, हरवायची भीती नाही.

रॅकवाली
दादा, वीत नऊ इंचांची. चौरस वीत म्हणजे टाकीवाल्यांचे पाच चौकोन. तक्त्यावर आकडा ३ चाच ठेवून तुमच्या वितीने मोजलं तर जॉबला लागेल त्याच्या पाचव्या हिश्श्याने करंट जाईल, दिवसभर लटकवलात तरी मायक्रॉन भरायचे नाहीत. त्यातून तुमची वीत आणि माझी वीत एक नाही. कल्पना गोड आहे, तेवढीच.

मुद्दा वेगळाच आहे. चौकोन लिहिलात तरी निम्मी चूक शिल्लक राहते. आमच्याकडची सांगते. २० बाय १५ सेंटिमीटरच्या सपाट प्लेटा, जिगला दहा. पोरांनी पत्रा ठेवून मोजलं, एका प्लेटवर तीन चौकोन. दहा प्लेटांचे तीस. चौकोनाला ३ अँपियर, म्हणून ९० अँपियर लावले आणि २० मिनिटं ठेवलं. हिशेब चोख, नाही का?

प्लेटला मागची बाजू असते हे कोणाच्या डोक्यातच नाही. खरे चौकोन साठ, करंट हवा होता १८०. निकेल चौकोनाला ३ अँपियरवर २० मिनिटांत साधारण १२ मायक्रॉन बसतं. आम्हाला मिळालं ६. आणि ६ मायक्रॉनचं ब्राइट निकेलही तितकंच चमकतं, डोळ्याला काही कळत नाही. जाडी मापकाने पकडलं म्हणून, नाहीतर गंज आल्यावर कळलं असतं.

तेव्हापासून आम्ही 'क्षेत्रफळ' हा शब्द काढून टाकला. 'ओली बाजू' म्हणतो. जे जे ओलं होतं ते ते मोजायचं. एक दिवसात रुळला.

निकेलची टाकी
'ओली बाजू' झकास. उचलतोय. फक्त खोल भोकं? ती ओली होतात, पण करंट आत जात नाही.

रॅकवाली
तिथे माझाही शब्द हरतो. भोकांवर खडूने फुली मारून देते.

उलटा स्वीच
तुम्ही घनतेवर भांडताय, पण खरा विषारी शब्द 'धनाग्र' आहे. माझ्या आधीच्या कामावर एकच टोळी दोन्ही लाइनी चालवायची, निकेलची आणि अ‍ॅनोडायझिंगची. निकेलला जॉब वजाला, अ‍ॅनोडायझिंगला जॉब अधिकला. तक्त्यावर 'धनाग्र' आणि 'ऋणाग्र'. कोणाच्या डोक्यात राहणार? एका पाळीने अ‍ॅल्युमिनियमचा अख्खा लॉट उलटा जोडला. बुडबुडे भरपूर येत होते, म्हणून काम चालू आहे असं सगळ्यांना वाटलं. बाहेर आले तर जॉब कोरेच. आणि मजा ऐका, टाकीच्या कडेचे कॅथोडही अ‍ॅल्युमिनियमचेच होते, ते मस्त अ‍ॅनोडाइज झाले!

अक्षरमित्र
यात शब्दाचा काय दोष? 'धनाग्र' मध्ये 'धन' आहे, म्हणजे अधिक. शब्द स्वतःच उत्तर सांगतो. 'अ‍ॅनोड' मध्ये तेवढंही नाही.

उलटा स्वीच
'धन' म्हटलं की तुमच्या मनात अधिक येतं, त्यांच्या मनात पैसा येतो. आणि 'ऋण' म्हणजे उधारी. आमचा एक म्हातारा म्हणायचा, जॉबवर निकेल चढतं म्हणजे जॉब श्रीमंत होतो, म्हणून तोच धन. चूक काढून दाखवा त्याच्या तर्कात.

अक्षरमित्र
हा विनोद झाला, युक्तिवाद नव्हे. शाळेच्या पुस्तकात धनाग्र आहे, मुलं शिकून येतात. तुमच्या प्रत्येक शॉपची बोली वेगळी झाली, तर एकीकडून दुसरीकडे गेलेल्या माणसाने काय करायचं?

रॅकवाली
अक्षरमित्रांचं हे एक मान्य करावं लागेल, नाइलाजाने. आमच्याकडे 'गरम टाकी' म्हणजे निकेल. नवीन आलेल्या बाईंच्या जुन्या शॉपमध्ये 'गरम टाकी' म्हणजे सीलिंगची. पहिल्याच आठवड्यात मी धावत जाऊन त्यांचा हात धरलाय.

निकेलची टाकी
म्हणून टाकीला नंबर द्या. आणि बसबारला रंग. जॉबचा बार लाल असेल तर अधिक, काळा असेल तर वजा. धनाग्र-ऋणाग्र परीक्षेत लिहा.

उलटा स्वीच
रंगाने काही होत नाही. आम्लाच्या वाफेने सहा महिन्यांत सगळे बार एकाच रंगाचे होतात. पहिला जॉब काढून मल्टिमीटरची दोन टोकं पृष्ठभागावर टेकवा. वाजला तर थर आलेला नाही. अ‍ॅनोडायझिंगचा थर वीज जाऊ देत नाही, तोच खरा साक्षीदार. हे वाक्य तक्त्यावर लिहा, बाकी पुसा.

हातोडी
तक्ता कशावर छापावा? आमचा कागद लॅमिनेट करूनही शाई उडाली.

वीतभर
धाग्याचा विषय भाषा आहे, छपाई नाही.

हातोडी
वाचताच आला नाही तर भाषा कुठली घेऊन बसलात.

मुलामा
मला कळत नाही, एवढे कृत्रिम शब्द कशाला? 'मुलामा' हा जुना, घरचा शब्द आहे. निकेलचा मुलामा, अ‍ॅनोडायझिंगचाही मुलामा. 'मुलाम्याची जाडी' म्हटलं की संपलं.

निकेलची टाकी
निकेलला चालेल. अ‍ॅनोडायझिंगला अजिबात नाही, आणि हे नुसतं भाषेचं नाही. मुलामा बाहेरून चढतो. अ‍ॅनोडायझिंगचा थर अ‍ॅल्युमिनियमच्याच अंगातून तयार होतो, काही भाग आत खाऊन, काही बाहेर फुगून. हार्ड अ‍ॅनोडायझिंगला ५० मायक्रॉनचा थर मागितला तर बाजूला साधारण २५ नेच माप वाढतं. 'मुलामा ५०' लिहिलंत की मशीनवाला प्रत्येक बाजूला ५० सोडून दांडा बारीक कातणार, आणि तो बेअरिंगमध्ये खुळखुळणार.

मुलामा
५० चा थर म्हणजे ५० वाढणारच. साधी बेरीज आहे.

रॅकवाली
साधी बेरीज करून आम्ही एकदा चाळीस दांडे भंगारात घातलेत. आता तक्त्यावर दोन रकाने आहेत, 'थर' आणि 'माप वाढ'. दोन्ही बाजू धरल्या तर व्यासाला थराएवढीच वाढ येते, म्हणून लोकांना तुमचं बरोबर वाटतं. एका बाजूला मात्र निम्मीच. मिश्रधातूवरही थोडं मागेपुढे होतं, तेव्हा पहिला नमुना मोजल्याशिवाय आम्ही लॉट सोडत नाही.

मुलामा
व्यासाला थराएवढी वाढ, म्हणजे मी बरोबरच होतो की.

रॅकवाली
हो. अपघाताने.

अक्षरमित्र
ठीक आहे. 'घनता' काढतो, कारण ती नळीशी भांडते हे मला माहीत नव्हतं, आणि ते लिहिणाऱ्याला माहीत असायला हवं होतं. 'ओली बाजू' घेतो. पण 'धनाग्र' ठेवणार, शेजारी अधिकचं चिन्ह काढून. चौकोनाचा पत्रा टांगायला सांगितला, तर शॉपमधला पोरगा म्हणतो, तो गंजून बारीक होईल.

निकेलची टाकी
स्टेनलेसचा कापा. आणि कोपऱ्यात '१ चौकोन' असं कोरून घ्या, नाहीतर कोणीतरी त्याला वॉशर समजून नेईल. आमचा पहिला तसाच गेला.

उलटा स्वीच
धनाग्र ठेवताय? मग जॉब कुठल्या बाजूला लागणार ते लाइनीगणिक लिहा. नुसत्या चिन्हाने भागणार नाही. पैज लावता?