हप्ता परत गेला, चार्ज दोनदा लागला (बी विंग ग्रुप)

बी-३०२: नमस्कार. गाडीच्या कर्जाचा हप्ता १२,४००, तारीख ५. खात्यात ११,९०० होते. ५ ला रविवार, म्हणून सोमवारी १,००० भरले. तरी बँकेने ५ ला ५९० कापले आणि ८ ला परत ५९०. असं कसं?

बी-६०१: ताई, खात्यातून हप्ता आपोआप कापणारी यंत्रणा, म्हणजे नॅच, ऑगस्ट २०२१ पासून रविवारी आणि सुट्टीलाही चालते. हप्ता अर्धवट कापला जात नाही, पाचशे कमी पडले तरी पूर्ण परत जातो. तुमच्या बँकेचा चार्ज ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणून ५९०. आता हिशेब बघा: ११,९०० मधून ५९० गेले, उरले ११,३१०. त्यात १,००० भरल्यावर १२,३१०. कर्ज कंपनीने ८ ला मँडेट, म्हणजे हप्ता कापायला तुम्ही दिलेली परवानगी, पुन्हा लावलं तेव्हा ९० रुपये कमी पडले. म्हणून भरताना कापलेला चार्जही धरायचा, आणि पैसे ४ तारखेच्या रात्रीच खात्यात हवेत.

बी-३०२: बाप रे, नव्वद रुपयांसाठी! आता काय करू?

बी-६०१: हप्ता कंपनीच्या अ‍ॅपवरून थेट भरा, पण त्याआधी "तिसऱ्यांदा लावणार नाही ना" हे ईमेलवर लिहून घ्या. नाहीतर दोनदा कापला जाईल. कंपनीचा स्वतःचा बाउन्स चार्ज वेगळा असतो, तो कर्जाच्या स्टेटमेंटमध्ये दिसेल.

बी-१०४: मला हे खातंच बदलायचंय. बँकेत जाऊन जुनं मँडेट रद्द केलं तर?

बी-६०१: आधी ते करू नका, दादा. मँडेट रद्द झालं तरी हप्ता देणं लागतोच. तो चुकला की सिबिलवर नोंद होते. आधी कंपनीकडे नव्या खात्याचं मँडेट नोंदवा. नेटबँकिंग, डेबिट कार्ड किंवा आधार ओटीपीने होतं. कागदी फॉर्म दिलात तर वेळ जास्त जातो, आणि सही बँकेतल्या सहीशी जुळली नाही तर फॉर्म परत येतो. नव्या खात्यातून पहिला हप्ता गेला की मगच जुनं रद्द करा. तोवर जुन्या खात्यातही हप्त्याएवढे पैसे राहू द्या.

बी-५०३: आमचं कर्ज फिटलं, एनओसी आली. आता मँडेट आपोआप जाईल ना?

बी-६०१: त्यावर विसंबू नका, काकू. नेटबँकिंगमध्ये मँडेटची यादी उघडा. प्रत्येकासमोर UMRN असा २० अक्षरांचा क्रमांक असतो. तो आणि एनओसी जोडून कंपनीला रद्द करायला सांगा. बँकेच्या साइटवर रद्द करायची सोय असेल तर तिथूनही करा. यादीतली रक्कम कमाल मर्यादा असते, हप्ता नव्हे. हप्ता १२,४०० असला तरी तिथे २५,००० दिसू शकतात, आणि मँडेट चालू आहे तोवर तेवढे कापता येतात.

बी-३०२: यूपीआय ऑटोपेचंही असंच?

बी-६०१: ते सोपं आहे. ज्या अ‍ॅपवरून चालू केलं, त्यातच ऑटोपे उघडून पिन टाकून बंद करता येतं. फक्त कापायच्या आदल्या दिवशी येणारा मेसेज वाचत जा, थांबवायचं असेल तर तेव्हाच थांबवा.