डॅलसच्या 'गुड मॉर्निंग'ला संध्याकाळी सात वाजता काय उत्तर द्यायचं?

बावधनवाला: आमच्या टीममधली डॅलसची मंडळी रोज संध्याकाळी सातच्या सुमारास चॅटवर 'गुड मॉर्निंग' टाकतात. मी न चुकता 'गुड इव्हिनिंग' असंच उत्तर देतो. इथे दिवेलागण झालेली असताना मॉर्निंग म्हणणं हा निव्वळ लाचारपणा आहे. बाकीचे निमूट 'गुड मॉर्निंग' लिहितात, त्यांना कणा नाही. पटत नसेल तर बोला.

एरंडवण्याची: नाही पटत. आणि कणा काढलात म्हणून सविस्तरच लिहिते.

ज्याला शुभेच्छा द्यायच्या, त्याच्या वेळेची द्यावी. डॅलसचा माणूस नुकताच कामाला बसलाय, त्याचा दिवस बरा जावो एवढंच आपण म्हणतो. म्हणून मी सरळ 'गुड मॉर्निंग' लिहिते. त्यात माझं काही जात नाही.

पण तुमच्या 'गुड इव्हिनिंग'ने नेमकं काय साधलं ते सांगा. इथे रात्र होत आलीय हे त्याला कळावं, हाच हेतू ना? ते कळत नाही. तो ते दोन शब्द वाचतो आणि पुढे जातो. मी पुढच्याच वाक्यात माझी वेळ सांगते. 'गुड मॉर्निंग. इकडे सात वाजलेत, मी आठला उठणार. कालच्या फाइलबद्दल काही विचारायचं असेल तर आत्ता विचार.' याला उत्तर येतं आणि मी आठला खरंच उठते.

खरं नुकसान तर नुसत्या 'गुड मॉर्निंग'ला नुसतंच 'गुड समथिंग' म्हणण्यात आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात घडलेलं सांगते. मंगळवारी डॅलसला सकाळी दहा वाजता एकाने आमच्या टीममधल्या मुलाला 'गुड मॉर्निंग' टाकलं आणि पुढे काहीच लिहिलं नाही. इथे रात्रीचे साडेआठ, मुलगा घरी गेलेला. बुधवारी सकाळी नऊला त्याने बघितलं आणि तसंच 'गुड मॉर्निंग' लिहिलं. तिकडे तेव्हा मंगळवारच्याच रात्रीचे साडेदहा. तो माणूस बुधवारी आठला उठून बसला तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसहा, आणि तेव्हा कुठे त्याने विचारलं की रिपोर्टची जुनी फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे. एका ओळीच्या प्रश्नाला बावीस तास लागले. मुलाने सकाळी नऊला 'हाय, आत्ताच पाहिलं, काय हवंय ते लिहून ठेव' एवढं लिहिलं असतं तर तो झोपण्याआधी वाचण्याची तरी शक्यता होती. आणि उशिरा उत्तर देताना वेळेचं नाव घ्यायचंच नाही. 'हाय' लिहावं, नाहीतर थेट कामाचं.

बावधनवाला: ज्याला द्यायच्या त्याच्या वेळेची ना? मग सुरुवात तो करतो तेव्हा त्याने माझ्याकडे बघून 'गुड इव्हिनिंग' म्हणायला हवं. तो का म्हणत नाही? नियम फक्त पुण्याला लागू आहे का?

एरंडवण्याची: माझ्याच नियमाने त्याने म्हणायला हवं, हे मान्य. आमच्यातली एक बाई म्हणतेही. पण तो चुकला म्हणून मी माझं उत्तर बिघडवणार नाही.

खुर्चीतला_बुवा: उगाच शब्दांचा कीस पाडताय. डॅलस आणि आपल्यात साडेअकरा तास. म्हणजे जवळजवळ बारा, आपले सात तर त्यांचे साडेसात. मनात आकडा तोच ठेवायचा, फक्त सकाळ-संध्याकाळ उलटी करायची. इतकं सोपं आहे.

रात्रपाळी_निवृत्त: बुवा, हे नोव्हेंबर ते मार्चपुरतंच खरं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते घड्याळ एक तास पुढे करतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. मधले आठ महिने फरक साडेदहाचा असतो. आपलं घड्याळ जागचं हलत नाही, म्हणून त्यांच्या बदलाचा सगळा भार आपल्यावर.

मूळ प्रश्नावर सांगतो. मी बरीच वर्षं कल्याणीनगरला अमेरिकन ग्राहकांच्या फोनवर होतो, नंतर नव्या पोरांना शिकवायचो. तिथे इथलं घड्याळ कुणी विचारायचंच नाही, समोरच्याची वेळ म्हणायची. सगळ्यांना अडवायचं ते ॲरिझोना. त्या राज्यात, नव्हाहो लोकांचा भाग सोडला तर, घड्याळ बदलत नाहीत. जुलैत पुण्यात रात्रीचे बारा वाजले की डेन्व्हरला दुपारचे साडेबारा असतात आणि फीनिक्सला साडेअकरा. एकाला आफ्टरनून, दुसऱ्याला मॉर्निंग. डिसेंबरात त्याच वेळी दोघांनाही मॉर्निंग. त्यात मोबाइल नंबरच्या सुरुवातीच्या तीन आकड्यांवरून गाव ओळखायची सोय राहिली नाही, कारण माणूस राज्य बदलतो आणि नंबर तोच ठेवतो. पोरगं आत्मविश्वासाने 'गुड मॉर्निंग' म्हणायचं आणि समोरून 'इथे दुपार झाली' असं ऐकू यायचं. ते ऐकलं की त्या माणसाला कळलेलं असायचं की फोन लांबून आलाय, आणि पुढचं संभाषण थंड व्हायचं. म्हणून मी शिकवायचो की खात्री नसेल तर 'हॅलो' म्हणून नाव सांगा आणि तो काय म्हणतो ते ऐका. तो 'मॉर्निंग' म्हणाला तर तुम्हीही मॉर्निंग म्हणा.

आणखी एक. रात्री दहा वाजता कॉल सुरू करताना 'गुड नाइट' म्हणू नका. ते निरोपाचं आहे, समोरचा फोन ठेवायला लागतो.

बावधनवाला: ग्राहकाशी बोलणं वेगळं. त्याचे पैसे घेतलेत. हे माझे सहकारी आहेत, माझ्याच हुद्द्याचे.

कोथरूडच्या_काकू: सगळे कंपनीचंच बोलताय. माझा मुलगा न्यू जर्सीला असतो. मी सकाळी सहाला चहाचं आधण ठेवते आणि त्याला 'शुभ सकाळ' पाठवते. त्याच्याकडे आदल्या रात्रीचे साडेआठ, थंडीत साडेसात. पूर्वी तो 'शुभ रात्री आई' असं पाठवायचा. मला वाटायचं झोपला, आता फोन करू नये. मग एकदा सूनबाई म्हणाली की अहो, तुमच्याशी बोलायला तर ते फोन घेऊन बसलेले असतात. आता तो 'शुभ सकाळ आई, पिल्लू अजून जेवतंय' असं लिहितो. मी आलं किसायचं सोडून लगेच व्हिडिओ कॉल लावते. नात वरणभात तोंडात घेऊनच बोलते. तुमचा कणाबिणा आमच्यात कुणी मोजत नाही.

एरंडवण्याची: काकू, मी इतकं लिहून जे सांगत होते ते तुमच्या मुलाने एका ओळीत केलं. सकाळ तुमची आणि बातमी त्याची.

जुना_आयआरसीवाला: हा वाद जुना आहे. आयआरसी या जुन्या चॅटच्या जमान्यात यावर तोडगा निघाला होता, त्याला यूजीटी म्हणायचे. माणूस चॅनेलवर आला की त्याची सकाळ आणि गेला की त्याची रात्र, मग जगात काही का वाजलेलं असेना. कुणाचं घड्याळ विचारायचंच नाही. बावधनवाले, तुमच्या डॅलसवाल्याने गुड मॉर्निंग म्हटलं म्हणजे 'मी आलो' एवढंच.

बावधनवाला: यूजीटी छंदाच्या गप्पांना ठीक. तिथे कुणी रात्री नऊला बिल्ड मागत नव्हतं.

हिंजवडी_फेज_दोन: आता खरा मुद्दा आला. रात्रपाळीवाल्यांनी नोव्हेंबरचं काढलंच आहे तर मला बोलू दे. आमचा स्टँडअप डॅलसच्या साडेआठला बांधलेला आहे. उन्हाळ्यात तो इथे सातला असतो. नोव्हेंबरात एका रविवारी त्यांनी काटा फिरवला की सोमवारपासून तो आठला. त्यांच्या कॅलेंडरात काहीच हललेलं नसतं, म्हणून त्यांना पत्ताच नसतो. माझी घरी सोडणारी कॅब सव्वाआठची, त्यानंतरची साडेनऊची. वाकडचा पूल ओलांडून घरी पोचायला साडेदहा. पोरगा झोपलेला असतो. चार महिने हे असं चालतं आणि तुम्ही इथे मॉर्निंग की इव्हिनिंग यावर भांडताय!

खुर्चीतला_बुवा: मग मीटिंग आपल्या सातला बांधून घ्या. मागायला काय हरकत आहे?

हिंजवडी_फेज_दोन: मागितलं. थंडीत आपले सात म्हणजे त्यांचे साडेसात, आणि तेव्हा त्यांना मुलांना शाळेत सोडायचं असतं. माझ्या मुलाची झोपायची वेळ मात्र कुणी विचारली नाही. शिवाय आमच्यात लंडनचे दोघे आहेत. त्यांचं घड्याळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातं, अमेरिकेचं त्यानंतर आठवड्याने. त्या एका आठवड्यात लंडनची मीटिंग अडीचऐवजी दीडला येते आणि ते जेवत असतात. तेवढ्या आठवड्यासाठी ढीगभर मेल फिरल्या. आमच्या चार महिन्यांसाठी एकही नाही.

बावधनवाला: हेच, अगदी हेच मी म्हणतोय. आधीच्या कंपनीत मी महिनोन्महिने 'गुड इव्हिनिंग' लिहीत राहिलो. एक दिवस तिकडच्या मॅनेजरने विचारलं, तुझ्याकडे आत्ता किती वाजलेत? मी सांगितलं, रात्रीचे सव्वानऊ. दुसऱ्या आठवड्यात मीटिंग दीड तास अलीकडे आली. 'गुड मॉर्निंग' लिहिणाऱ्या कुणाला हा प्रश्न कधी विचारला गेला का?

एरंडवण्याची: तो बदल 'सव्वानऊ' हा आकडा ऐकून झाला. तो तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितला असतात तर एवढे महिने थांबावं लागलं नसतं.

बावधनवाला: विचारल्याशिवाय वेळ सांगितली की आपण कुरकुर करतो असं दिसतं. तुम्ही वरिष्ठ असाल, तुम्हाला चालत असेल.

एरंडवण्याची: यात तथ्य आहे. नव्या मुलांना ते जड जातं, हे मी पाहिलंय. पण त्यांना तर 'गुड इव्हिनिंग'ही लिहायची भीती वाटते. म्हणून आमच्याकडे वेळ लिहायचं काम लीडने घेतलंय. पहिला निरोप तीच टाकते: 'गुड मॉर्निंग डॅलस, पुणे आठपर्यंत आहे.' बाकीच्यांनी काहीही म्हणावं.

रात्रपाळी_निवृत्त: हे चांगलं आहे. फक्त नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतरच्या सोमवारी त्यात 'म्हणजे तुमचे साडेनऊ' ऐवजी 'साडेआठ' असं घालायला विसरू नका. चॅटमध्ये नावावर गेलं की स्थानिक वेळ दिसते, पण तेवढ्यासाठी कुणी नावावर जात नाही.

बावधनवाला: लीडने लिहावं हे पटलं, सोमवारी सुचवतो. पण मी स्वतः 'गुड इव्हिनिंग'च लिहिणार.

हिंजवडी_फेज_दोन: तुमचं ठरलं, छान. पण त्या एका तासाचं काय? थंडीत अर्धा तास त्यांनी सोसायचा आणि अर्धा आम्ही, म्हणजे त्यांचे आठ आणि आपले साडेसात, असं कुणाच्या टीमने मिळवलंय का? मिळवलं असेल तर कुणाशी आणि काय बोललात ते लिहा. मला सव्वाआठची कॅब हवी आहे.